संसर्गाच्या पहिल्या चोवीस तासांत मज्जेत काय घडतं?

समजा, एका तरुणाच्या रक्तात एरवी दर मायक्रोलिटरला 4,200 न्यूट्रोफिल असतात. जंतूंवर सर्वांत आधी तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या ह्याच. त्याला न्यूमोनिया झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत हाच आकडा 16,500 आला. शरीरात पाच लिटर रक्त धरलं, तर साधारण 2,100 कोटी पेशींच्या जागी 8,000 कोटींहून जास्त पेशी फिरू लागल्या. शिवाय फुफ्फुसात जाऊन लढणाऱ्या पेशी या मोजणीत येतच नाहीत. एका दिवसात एवढ्या पेशी आल्या कुठून?

नव्याने तयार झाल्या म्हणावं, तर वेळेचा हिशोब बसत नाही. न्यूट्रोफिल घडण्याच्या प्रक्रियेला ग्रॅन्युलोपोएसिस म्हणतात आणि ती हाडांच्या आतल्या मज्जेत चालते. मायलोब्लास्ट, प्रोमायलोसाइट, मायलोसाइट या टप्प्यांपर्यंत पेशी विभागत राहते, म्हणजे संख्या वाढते ती इथे. त्यानंतर विभाजन थांबतं आणि पेशी फक्त पिकते. गोल केंद्रक आधी घेवड्याच्या दाण्यासारखं होतं, मग वाकलेल्या पट्टीसारखं (ही बँड पेशी) आणि शेवटी त्याचे तीन-चार खंड पडतात. या सगळ्याला दहा दिवस किंवा त्याहूनही जास्त लागतात. म्हणजे संसर्ग झाल्यावर ज्या पेशीची घडण सुरू होईल, ती पहिल्या दिवशी उपयोगाची नाही.

त्या दिवशी कामी येतो तो साठा. निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे 10,000 कोटी न्यूट्रोफिल बनवते, पण तयार झालेली पेशी लगेच बाहेर सोडत नाही. पूर्ण किंवा जवळजवळ पिकलेल्या पेशी काही दिवस मज्जेतच थांबतात. रक्तात फिरणाऱ्या पेशींच्या कित्येक पट, बहुतेक अंदाजांनुसार दहापट किंवा अधिक, पेशी तिथे तयार असतात.

त्या तिथे थांबतात कशा, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मज्जेतल्या आधारपेशी सीएक्ससीएल-12 नावाचं प्रथिन सोडतात आणि न्यूट्रोफिलवरचा सीएक्ससीआर-4 हा ग्राहक रेणू ते पकडून ठेवतो. ही पकड घट्ट असेपर्यंत पेशी जागची हलत नाही. संसर्ग झाला की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी, मॅक्रोफेज आणि फायब्रोब्लास्ट मिळून जी-सीएसएफ हा कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर मोठ्या प्रमाणात सोडतात. त्याने मज्जेतलं सीएक्ससीएल-12 घटतं, पेशीवरचा सीएक्ससीआर-4 कमी होतो आणि त्याच वेळी पेशीला रक्ताकडे ओढणारे संकेत वाढतात. काही तासांतच साठा वाहू लागतो. जी-सीएसएफ विभाजनाचा वेग वाढवतो आणि पिकण्याचे दिवसही कमी करतो, पण त्याचा परिणाम दिसायला काही दिवस जावे लागतात.

ही पकड किती महत्त्वाची आहे, ते व्हिम सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारात उघड दिसतं. त्यात सीएक्ससीआर-4 चं शेपूट तुटकं असतं, त्यामुळे त्याचा संकेत वेळेवर बंद होत नाही. मज्जा तपासली तर ती पिकलेल्या न्यूट्रोफिलनी गच्च भरलेली असते आणि रक्तात मात्र त्या नावापुरत्याच सापडतात. घडण ठीक आहे, अडलंय ते बाहेर पडणं.

साठ्यातून किती उपसा झाला, हे रक्ताच्या काचपट्टीवर कळतं. पिकलेल्या पेशी कमी पडू लागल्या की मज्जा बँड पेशीही सोडते, आणि ताण आणखी वाढला तर त्याआधीच्या टप्प्यातल्या, घेवड्याच्या दाण्यासारखं केंद्रक असलेल्या मेटामायलोसाइटसुद्धा. यालाच लेफ्ट शिफ्ट म्हणतात. आपल्या रुग्णाच्या अहवालात 12 टक्के बँड पेशी दिसल्या, तरी एकूण आकडा वाढलेला असल्यामुळे मज्जा मागणी पुरवते आहे असं म्हणता येतं. खरी काळजी असते ती बँड पेशी वाढत असताना एकूण आकडा कोसळला तर. तेव्हा खर्च पुरवठ्यापेक्षा जास्त झालेला असतो. नवजात बाळांचा साठा मुळातच लहान असल्याने जंतुसंसर्गात त्यांच्यावर ही वेळ फार लवकर येते.

मग प्रत्येक न्यूमोनियात जी-सीएसएफचं इंजेक्शन का देत नाहीत? ज्यांच्या पेशी कमी झालेल्या नव्हत्या अशा न्यूमोनियाच्या रुग्णांवर ते करून पाहिलं गेलं. रक्तातल्या पेशी वाढल्या, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. या रुग्णांच्या शरीराने स्वतःचा जी-सीएसएफ आधीच भरपूर सोडलेला असतो. 1991 पासून औषध म्हणून मिळणारा जी-सीएसएफ, म्हणजे फिलग्रास्टिम, खरा उपयोगी पडतो तो केमोथेरपीनंतर. केमो विभागणाऱ्या पेशींना मारते, साठ्यातल्या पिकलेल्या पेशी तगतात. म्हणून पहिले काही दिवस आकडा बरा दिसतो आणि साठा संपला की, बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, तळ गाठतो. हे इंजेक्शन केमोनंतर किमान 24 तास थांबूनच सुरू करतात. केमोचा अंमल असतानाच नव्या पेशींना विभाजनाला लावलं, तर त्याही मारल्या जातील.