पन्नास नंबरवर कोण बसलंय?

टेबलं सरकवायची होती म्हणून कोणीतरी नेटवर्कच्या स्विचची पिन काढली आणि पाच मिनिटांनी परत लावली. लगेच दोन ठिकाणांहून हाका आल्या. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर `Windows has detected an IP address conflict` असा संदेश होता. नव्या प्रिंटरच्या छोट्या पडद्यावरही तशीच सूचना होती. दोघांचं भांडण एकाच पत्त्यावरून चाललं होतं, 192.168.1.50.

त्याआधीचे आठ दिवस त्या ऑफिसात वेगळीच कुरकुर चालू होती. एखाद्या दिवशी प्रिंटर छापायचा नाही, तर एखाद्या दिवशी अकाउंट्सचं सामायिक फोल्डर उघडायचं नाही. दोन्ही एकाच दिवशी कधी बंद पडली नव्हती, म्हणून या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. प्रिंटरसाठी प्रिंटरवाल्याला फोन गेला आणि फोल्डरसाठी मला. खरं तर ‘दोन्ही कधीच एकत्र बंद पडत नाहीत’ हाच धागा होता. तो माझ्याही लक्षात उशिरा आला.

पत्त्याचं भांडण म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. छोट्या ऑफिसातलं नेटवर्क आयपी पत्त्यांवर चालतं असं आपण म्हणतो, पण केबलमधून माहिती जाते ती हार्डवेअरच्या पत्त्यावर, म्हणजे मॅक पत्त्यावर. हा ४८ बिटांचा आकडा यंत्राला कारखान्यातच मिळतो. आयपी पत्ता मात्र माणसाने किंवा राउटरने नंतर दिलेला असतो. या दोघांची सांगड घालते एआरपी नावाची पद्धत. डेव्हिड प्लमर यांनी ती १९८२ साली मांडली आणि आजही ती जवळपास जशीच्या तशी वापरात आहे. एका कॉम्प्युटरला 192.168.1.50 शी बोलायचं असेल, तर तो सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल असं विचारतो, ‘पन्नास नंबर कोणाकडे आहे?’ ज्याच्याकडे असेल तो उत्तर देतो, ‘माझ्याकडे, आणि माझा मॅक पत्ता हा.’ विचारणारा तो वहीत टिपून ठेवतो आणि पुढचं सगळं बोलणं त्या मॅक पत्त्यावर पाठवतो.

यात कोणी पुरावा मागत नाही. दोघांनी ‘माझ्याकडे’ म्हटलं, तर ज्याचं उत्तर वहीत टिकलं त्याच्याकडे माहिती जाते, दुसऱ्याला पत्ताच लागत नाही. वहीतली नोंद थोड्या वेळाने शिळी होते, पुन्हा विचारणा होते आणि या वेळी कदाचित दुसरा जिंकतो. फाइल उघडता उघडता मध्येच तुटते ती अशी. निम्मी फाइल एकाकडून आलेली असते, उरलेल्या निम्म्याची मागणी दुसऱ्याच्या दारात जाते. त्या बिचाऱ्याला या बोलण्याची सुरुवातच माहीत नसते, म्हणून तो सरळ ‘हे कनेक्शन माझं नाही’ असं कळवतो आणि सगळं बंद पडतं.

हे टाळण्यासाठी बरीच यंत्रं पत्ता वापरण्याआधी चौकशी करतात. त्याचे नियम २००८ साली लिहून काढले गेले. केबल जोडली गेली की यंत्र एक ते दोन सेकंदांच्या अंतराने तीनदा विचारतं, ‘हा पत्ता कोणी वापरतंय का?’ विचारताना स्वतःचा पत्ता म्हणून ते 0.0.0.0 लिहितं. हवा असलेला पत्ताच आपला म्हणून लिहिला असता, तर नुसत्या विचारण्यानेच इतरांच्या वह्या बिघडल्या असत्या. कोणी ‘हो’ म्हटलं, तर नव्याने माघार घ्यायची. म्हणूनच रोज सकाळी जो आधी चालू होई त्याला पन्नास नंबर मिळे. प्रिंटर रोज संध्याकाळी बंद व्हायचा. ज्या दिवशी अकाउंट्सवाल्या मॅडम लवकर येत, त्या दिवशी प्रिंटर अडे. त्यांना उशीर झाला, की फोल्डर अडे. संदेश तेव्हाही येत होता, पण एका वेळी एकाच ठिकाणी, आणि तो बघणारा ‘ओके’ दाबून मोकळा होत होता.

मग त्या दिवशी दोघांनी एकदम तक्रार का केली? त्याच नियमांत एक बारीक कलम आहे. तुम्ही एखाद्या पत्त्याची चौकशी करत असताना दुसरं कोणी त्याच पत्त्याची चौकशी करताना ऐकू आलं, तर तेही भांडणच समजायचं. स्विच बंद होऊन चालू झाला तेव्हा दोन्ही केबल एकाच क्षणी जिवंत झाल्या, दोघं एकाच वेळी विचारू लागले आणि दोघांनी हात आखडता घेतला. दोन रिकाम्या हातांनी मिळून एक खुर्ची अडवली, असा प्रकार. स्विच हलला नसता, तर हा गोंधळ आणखी किती दिवस चालला असता कोण जाणे.

अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर `ipconfig /all` चालवल्यावर हे दिसलं:

```
Autoconfiguration IPv4 Address. . : 169.254.23.118(Preferred)
IPv4 Address. . . . . . . . . . . : 192.168.1.50(Duplicate)
```

169.254 ने सुरू होणारा पत्ता म्हणजे वापरता येईल असा पत्ता मिळाला नाही म्हणून यंत्राने स्वतः चिकटवलेली तात्पुरती पाटी. त्या पाटीवर ऑफिसातलं बाकी कोणी भेटायला येत नाही.

इथे पडद्यावर प्रतिस्पर्ध्याचं नाव दिसत नाही, पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ते लिहिलेलं असतं. सिस्टिमच्या नोंदींमध्ये `Tcpip` या नावाखाली ४१९९ क्रमांकाची नोंद शोधायची. भांडण कोणत्या पत्त्यावरून झालं आणि समोरच्याचा मॅक पत्ता काय, दोन्ही त्यात मिळतं. आठ दिवसांतल्या अशा पाच नोंदी सापडल्या आणि पाचही वेळा समोरचा एकच होता. मॅक पत्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून बहुतेक वेळा उत्पादक कळतो. तो प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचा निघाला. मग प्रिंटरच्या पाठीवरचं स्टिकर वाचलं, तर आकडे जुळले.

या वेळी दुसरा गुन्हेगार संदेश देऊन स्वतःच पुढे आला होता. नेहमी इतकं नशीब नसतं. स्वस्तातली बरीच यंत्रं चौकशी करतच नाहीत, पत्ता वापरायला सरळ सुरुवात करतात. अशा वेळी लोक पिंग करून, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवून बघतात आणि फसतात, कारण विंडोजची फायरवॉल पिंगला गप्प ठेवू शकते. एआरपीला मात्र ती गप्प ठेवत नाही, कारण तिथे उत्तर दिलं नाही तर यंत्र नेटवर्कवर राहूच शकत नाही. म्हणून लिनक्सच्या लॅपटॉपवरून असं विचारायचं:

```
arping -b -c 3 -I eth0 192.168.1.50
Unicast reply from 192.168.1.50 [00:00:5E:00:53:1A]
Unicast reply from 192.168.1.50 [00:00:5E:00:53:7C]
```

एकाच प्रश्नाला दोन मॅक पत्त्यांवरून उत्तर आलं, की शंका उरत नाही. (इथले मॅक पत्ते खरे नाहीत, लेखात उदाहरण देण्यासाठी राखून ठेवलेल्या गटातले आहेत.) यातला `-b` विसरू नये. तो नसेल, तर पहिलं उत्तर मिळाल्यावर `arping` पुढचे प्रश्न फक्त त्याच यंत्राला विचारतो आणि दुसरा ओळखीतून निसटण्याची शक्यता वाढते. आणि मुख्य म्हणजे माघार घेतलेलं यंत्र उत्तर देत नाही. आमच्या इथे दोघांनीही माघार घेतली होती, त्यामुळे ही आज्ञा चालवली तेव्हा एकही उत्तर आलं नाही. पत्ता मोकळाच असावा अशी शांतता.

कोण ते कळलं, कसं झालं ते कळायचं होतं. दोन्ही यंत्रांत पत्ता हाताने टाकलेला होता, राउटरला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने पत्त्यांची एक छापील यादी चिकटवलेली होती. तीत पन्नास नंबरसमोर ‘प्रिंटर’ असं लिहिलेलं. तो होता आधीचा प्रिंटर, वर्षभरापूर्वी भंगारात गेलेला. तो गेल्यावर अकाउंट्सच्या कॉम्प्युटरला कायमचा पत्ता हवा होता. ज्याने तो दिला, त्याने पन्नासला पिंग केलं, उत्तर आलं नाही, म्हणून तो मोकळा समजून घेतला. यादी कपाटात राहिली. आता नवा प्रिंटर बसवायला आलेल्या टेक्निशियनने ती यादी बघितली, प्रिंटरसमोरचा आकडा उचलला आणि टाकला. अकाउंट्सचा कॉम्प्युटर त्या दिवशी बंद होता, त्यामुळे त्यालाही उत्तर द्यायला कोणी नव्हतं. मला दोघांपैकी कोणालाच फारसा दोष देता येत नाही. एकाने यंत्राला विचारलं आणि मिळालेलं उत्तर कागदावर चढवलं नाही, दुसऱ्याने कागदाला विचारलं आणि त्याला जुनं उत्तर मिळालं.

पत्ता कोणी सोडायचा, हे दोन्हींवर कोण कोण अवलंबून आहे त्यावर ठरवलं. अकाउंट्सचं फोल्डर नऊ कॉम्प्युटरवर थेट 192.168.1.50 लिहून जोडलेलं होतं. नवा प्रिंटर अजून तीनच जागी बसवला होता. म्हणून प्रिंटर हलला. पण त्याच्यात पुन्हा नवा आकडा टाइप केला नाही. त्याची सेटिंग ‘पत्ता आपोआप घे’ अशी केली आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासमोर 192.168.1.51 राखून ठेवला. यंत्राला कायम तोच पत्ता मिळतो आणि नोंद राउटरमध्ये राहते, जिथे ती कागदासारखी शिळी होत नाही. नंतर अकाउंट्सच्या कॉम्प्युटरचंही तसंच केलं, फक्त पत्ता तोच ठेवला.

या सोयीला मर्यादा आहे. राउटर फक्त त्याच्याकडे पत्ता मागायला येणाऱ्यांचा हिशेब ठेवतो. उद्या कोणी एखाद्या यंत्रात हाताने 192.168.1.51 टाइप केला, तर राउटरला तो अडवता येणार नाही. त्यामुळे निघण्याआधी `arp-scan --localnet` चालवून नेटवर्कवर खरोखर कोण कोण बोलतंय ते बघितलं आणि राउटरच्या यादीशी ताडून पाहिलं. एकाच पत्त्यावर दोघं असते, तर तिथे `(DUP: 2)` अशी खूण आली असती. ती आली नाही. पण राउटरच्या यादीत नसलेले दोन पत्ते दिसले. एक हजेरीच्या मशीनचा होता. दुसऱ्याचा, 192.168.1.60 चा, कोणालाच थांग नव्हता.

स्विच साधा होता, कोणत्या पोर्टवर कोण आहे हे त्याला विचारता येत नव्हतं. मग जुना मार्ग धरला. लॅपटॉपवर साठ नंबरला सतत `arping` लावून ठेवलं आणि एकेक केबल उपसून परत लावत गेलो. दर सेकंदाला एक ओळ सरकत होती. अकराव्या पोर्टची केबल काढल्यावर ओळी थांबल्या, लावल्यावर काही सेकंदांनी पुन्हा सुरू झाल्या. केबल पकडून मागे गेलो, तर ती कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरपाशी पोचली, त्याच कपाटाच्या वरच्या खणात, यादीपासून हातभर अंतरावर.