मुंजीचा व्हिडिओ लॅपटॉपवर दिसतो, टीव्हीवर का नाही?

गेल्या रविवारी इंदूरला रामबागेत काकूंकडे गेलो होतो. नातवाच्या मुंजीचा चार मिनिटांचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर आलेला, काकूंना तो मोठ्या पडद्यावर बघायचा होता. टीव्ही २०१२ चा. पेनड्राइव्ह लावला, फाइल दिसली, मंगलाष्टकं खणखणीत ऐकू यायला लागली पण पडदा काळा! तोच पेनड्राइव्ह त्यांच्या २०११ च्या लॅपटॉपला लावला तर चित्र एकदम छान. काकू म्हणाल्या, "अरे, लॅपटॉप तर टीव्हीपेक्षा जुना आहे, मग त्याला कसं जमतं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि गंमत इथेच आहे.

आधी हिशोब बघा. फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर ठिपके असतात, प्रत्येकाच्या रंगाला तीन बाइट धरले आणि सेकंदाला ३० चित्रं, तर एका सेकंदाचे साधारण १८६ एमबी होतात. म्हणजे ३२ जीबीचा पेनड्राइव्ह तीन मिनिटांच्या आत भरेल, मुंज संपायची राहील. म्हणून फोन सगळी चित्रं साठवतच नाही, तो थोडी चित्रं पूर्ण ठेवतो आणि बाकीच्यांची फक्त कृती लिहितो. बटू पाटावर बसलाय, मागचा झेंडूच्या माळांचा पडदा हलत नाहीये, तर पडद्याच्या जागी "मागच्या चित्रातलं तसंच उचला" एवढंच लिहायचं, आणि भटजींचा हात वर गेला तर "हा चौकोन तिथून इतका वर सरकवा, आणि जो फरक उरला तो हा घ्या". अख्खा व्हिडिओ म्हणजे अशा लाखो सूचना. मला हे इतकं आवडतं की काकूंना मी पंधरा मिनिटं हेच सांगत बसलो.

या सूचना लिहायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जुनी पद्धत H.264, ती २००३ मध्ये ठरली, त्यात चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. नवीन HEVC उर्फ H.265, तिच्यात चौकोन ६४ बाय ६४ पर्यंत मोठा असू शकतो, मग तो गरजेप्रमाणे लहान लहान कापायचा. मागच्या न हलणाऱ्या पडद्यासारख्या भागाला एक मोठा चौकोन पुरतो, त्यामुळे तशाच दर्जाची फाइल जवळपास निम्म्यात बसते, आणि म्हणूनच आजकालचे बरेच फोन यातच रेकॉर्ड करतात. पण ही पद्धत ठरली २०१३ मध्ये, आणि काकूंचा टीव्ही २०१२ चा!

टीव्हीत या सूचना वाचायचं काम एक चिप करते, तिचं सर्किट कारखान्यातच पक्कं झालेलं असतं. ६४ च्या चौकोनाला तिच्यात वाटच नाही. टीव्हीत प्रोसेसर असतो, पण तो मेनू वगैरे दाखवण्यापुरता, एवढी आकडेमोड त्याला झेपत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर अपडेट करूनही काही होत नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर मात्र सांगाल ते गणित करतो, त्यावर VLC हा व्हिडिओ प्लेअर नवीन टाकला की तो HEVC शिकला. फक्त मेहनत खूप पडते. काकूंच्या लॅपटॉपचा पंखा व्हिडिओ चालू होताच जोरात घोंघावायला लागला, तो त्यामुळेच.

शेजारच्यांनी फाइलचं नाव .mp4 चं .avi करायला सांगितलं होतं. हा दाराला लिंबू-मिरची बांधण्यासारखाच तोडगा आहे, .mp4 हा नुसता डबा, त्यावरची चिठ्ठी बदलून आतली भाजी बदलत नाही. आत काय आहे ते VLC मध्ये Ctrl+J दाबून कळतं, काकूंच्या फाइलला तिथे hevc दिसलं.

मग उपाय एकच, सूचना जुन्या पद्धतीत परत लिहून घ्यायच्या. त्यासाठी ffmpeg हा कमांडवर चालणारा प्रोग्राम फुकट मिळतो:

```
ffmpeg -i munj.mp4 -vf scale=-2:1080 -c:v libx264 -crf 20 -profile:v high -pix_fmt yuv420p -c:a aac munj_tv.mp4
```

यातलं `scale` कशाला? फोन उभा धरून काढलेल्या व्हिडिओची उंची १९२० होते, ती बऱ्याच जुन्या टीव्हींना चालत नाही, म्हणून १०८० वर आणायची. `yuv420p` मुळे रंगांची मोजणी ८ बिटची होते, १० बिटची जुन्या चिपला कळत नाही. कमांड टाइप करायचा कंटाळा असेल तर HandBrake मध्ये Fast 1080p30 निवडा, काम तेच.

चित्र दिसतंय पण आवाज नाही, असं असेल तर दोष आवाजाच्या कोडेकचा, तेव्हा कमांडमध्ये दोन फाइलनावांच्या मध्ये `-c:v copy -c:a aac` एवढंच द्या, चित्राला हात लागत नाही आणि काम झटक्यात होतं. फाइल यादीतच दिसत नसेल तर आधी पेनड्राइव्ह FAT32 फॉरमॅटचा आहे का बघा, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही हे मात्र धरून चाला.

परत लिहिताना थोडे बारकावे जातातच आणि ते पुन्हा आणता येत नाहीत, म्हणून मूळ फाइल मी काकूंना पुसू दिली नाही. त्यांच्या लॅपटॉपवर कन्व्हर्ट व्हायला चांगलाच वेळ लागला, तोवर पोहे झाले. मग टीव्हीवर बटू दिसला, आणि काकूंनी भिक्षावळीचा भाग तीनदा मागे नेऊन बघितला.

पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे बारसं आहे. मुलाच्या आयफोनच्या Settings मध्ये Camera च्या Formats मध्ये जाऊन Most Compatible करून ठेवलंय, म्हणजे साधा फुल एचडी व्हिडिओ थेट H.264 मध्येच निघेल.