काढ्याविनाही उतरणारा बीपी

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत बीपीच्या गप्पा रंगतात तेवढ्या राजकारणाच्याही रंगत नसतील. त्यात एक दाखला हमखास ऐकू येतो. शिबिरात तपासलं तेव्हा वरचा आकडा १६० होता, महिनाभर काढा घेतला, आता १४८ आहे. हाच दाखला साठ जणांचा तक्ता जोडून मांडला की त्याचा शोधनिबंध होतो. तक्त्यातले आकडे खरे असले, तरी काढ्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही, हे जरा उलगडून सांगायला हवं.

समजा, कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीच्या हॉलमध्ये असं शिबिर भरलं. आलेल्या सगळ्यांच्या वरच्या आकड्याची सरासरी १३० निघाली. त्यातून १५० च्या पुढचे लोक निवडले आणि त्यांची सरासरी १५८ भरली. आता हे लोक कोण? काहींचा बीपी खरोखरच कायम चढा असतो. पण काही जण त्या दिवसापुरते वर गेलेले असतात. कुणी जिना चढून तडक खुर्चीत बसलेला, कुणी रात्रभर जागलेला, कुणी रांगेत उभं राहून वैतागलेला. ज्यांचा आकडा त्या दिवशी असाच योगायोगाने खाली आला होता, ते यादीत आलेच नाहीत. म्हणजे चाळणीनेच वरच्या बाजूचे योगायोग तेवढे गोळा केले. महिन्याने पुन्हा मोजताना ते योगायोग जसेच्या तसे हजर राहत नाहीत आणि गटाची सरासरी आपसूक खाली सरकते.

किती सरकेल याचा अंदाज बांधता येतो. महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजण्यांतला सहसंबंध, म्हणजे एकीवरून दुसरीचा अंदाज किती बांधता येतो याचं माप, ०.७ आहे असं धरू. निवडलेला गट सरासरीच्या २८ वर होता. दुसऱ्या वेळी त्यातले ०.७ पट, म्हणजे सुमारे २० उरतात. गट १५८ वरून १५० वर येतो. काढ्याऐवजी साधं पाणी दिलं असतं तरी हे ८ अंक उतरलेच असते. बीपीच्या एका नेहमीच्या गोळीनेही सरासरी साधारण एवढाच फरक पडतो, म्हणून हा आकडा किरकोळ समजू नका.

निबंधात पुढे हमखास लिहिलेलं असतं की हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आहे. असेलही. आधी आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करणारी चाचणी एवढंच सांगते की आकडा खरोखर उतरला. तो कशामुळे उतरला, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं.

याहून फसवं वाक्य म्हणजे 'ज्यांचा बीपी जास्त, त्यांना गुणही जास्त'. वरच्याच हिशोबाने १७० वाला माणूस सरासरी १५८ वर येतो, म्हणजे १२ अंकांनी उतरतो, तर १५२ वाला साडेसहाच्या आसपास. औषध काही न करताही हा चढता क्रम दिसणारच. ११५ वाल्याला काढा पाजलात तर त्याचा आकडा चार-पाचने वर जाईल. मग जाहिरात होते, की आमचा काढा वाढलेला बीपी उतरवतो आणि उतरलेला वाढवतो! मला तर असा 'संतुलन साधणारा' दावा दिसला की आधी लोक कसे निवडले तेच बघावंसं वाटतं.

टोकाचे आकडे असे सरासरीकडे सरकतात ही गोष्ट इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवली. फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीने त्यांच्याहून कमी उंच भरली. पण फार उंच मुलं निवडून मागे पाहिलं, तर त्यांचे आईवडीलही मुलांपेक्षा सरासरीच्या जवळ होते. मुलांमुळे आईवडिलांची उंची काही घटत नाही. तक्ता हाताशी असेल तर हीच उलटी तपासणी काढ्यावर करून पाहता येते. महिन्यानंतर ज्यांचा आकडा सगळ्यात जास्त आला ते निवडा आणि त्यांचा आधीचा आकडा बघा. तो बहुधा कमी निघेल, म्हणजे काढ्याने बीपी चढवला असंही त्याच तक्त्यावरून 'सिद्ध' करता येईल. मात्र त्यासाठी शिबिरातल्या सगळ्यांची दुसरी मोजणी लागते, आणि ती सहसा केलेलीच नसते.

यावरून काढा निरुपयोगी ठरत नाही. कदाचित ८ पैकी २ अंक त्याचेही असतील, पण या तक्त्यातून ते वेगळे काढता येत नाहीत. वेगळे काढायचे तर १५० च्या पुढचेच लोक चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटावे लागतात. एकाला काढा, दुसऱ्याला तसाच दिसणारा बिनऔषधी पेला. दोन्ही गट आपोआप उतरतील. काढ्याचं श्रेय म्हणजे त्या दोन उतारांमधला फरक तेवढा. निवड पहिल्या मोजणीवर करून काही दिवसांनी पुन्हा मोजलं आणि तो आकडा 'आधीचा' म्हणून धरला, तरी बराचसा दोष निघून जातो.

काही निबंधांत तुलनेचा गट असतो, पण त्यात निरोगी माणसं घेतलेली असतात. ती १३० वर होती, महिन्यानंतरही १३० वरच राहिली, आणि काढा घेणारे मात्र उतरले. तुलना केल्यासारखी दिसते खरी, पण चढे आकडे बघून निवडलेला गट त्यात एकच असतो.