‘मॅलिग्नंट’ कान: नावाचा घोळ आणि सहा आठवड्यांच्या गोळ्या

सोलापुरात कानाच्या डॉक्टरांनी कागदावर ‘मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना’ लिहिलं, की रुग्णाच्या मुलाचा पहिला प्रश्न असतो, “म्हणजे कॅन्सर का हो?” कॅन्सर नव्हे. कानाच्या नळीतून सुरू होऊन कवटीच्या तळाच्या हाडात शिरणारा हा जंतुसंसर्ग आहे. तो बहुतेक वेळा वयस्कर मधुमेहींना होतो आणि त्यामागे बहुधा स्यूडोमोनास हा जंतू असतो.

याच जंतूने कानाजवळचं हाड सडल्याची नोंद 1959 मध्ये झाली होती. ‘मॅलिग्नंट’ हे नाव मात्र 1968 चं. तेव्हा 13 रुग्णांची माहिती एकत्र मांडली गेली. त्यातले जवळपास निम्मे दगावले होते, म्हणून हा शब्द. पुढे ‘नेक्रोटायझिंग’ हे नाव आलं, आणि हाडात पसरलेल्या आजाराला ‘स्कल बेस ऑस्टिओमायलायटिस’ म्हणू लागले. तरी जुनं नाव चिकटून राहिलं. ते सोडून द्यावं असं मला ठामपणे वाटतं, कारण ते दोन्ही बाजूंनी घात करतं. काही कुटुंबं घाबरून थेट कॅन्सरच्या दवाखान्यांच्या वाऱ्या सुरू करतात आणि त्यात आठवडा जातो. उलट कानातल्या मांसल गाठीचा तुकडा तपासून ‘कॅन्सर नाही’ असा रिपोर्ट आला, की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि औषध बंद करतात. तुकडा तपासावा लागतोच, कारण नळीचा कॅन्सर वरून अगदी असाच दिसू शकतो. पण तो रिपोर्ट चांगला आला म्हणजे हाडातला जंतू गेला असं नाही.

उपचारांचं चित्र पालटलं ते 1980 च्या दशकात. त्याआधी मोठ्या शस्त्रक्रिया होत, आणि मूत्रपिंडाला व ऐकण्याला धोका असलेली इंजेक्शनं कित्येक आठवडे द्यावी लागत. मग सेफ्टाझिडीमचं इंजेक्शन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी आली. सिप्रोफ्लॉक्सासिनची 750 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे, आणि तीही घरी. मृत्यू खूप घटले. पण हेच सिप्रोफ्लॉक्सासिन लघवीच्या जळजळीपासून कान वाहण्यापर्यंत सर्रास वापरलं गेलं, आणि त्याला न जुमानणारे स्यूडोमोनास दिसू लागले. अशा वेळी पुन्हा इंजेक्शनांकडे वळावं लागतं.

सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमागावर आयुष्य गेलेले एक आजोबा डोळ्यांसमोर आणा. वय 70, साखर वीस वर्षांची. मागांच्या खडखडाटाने ऐकू आधीच कमी, म्हणून मळ असेल असं समजून कान पाण्याने धुऊन घेतला. अशा धुण्यानंतर मधुमेहींमध्ये हा आजार सुरू झाल्याच्या नोंदी आहेत. पंधरा दिवसांत ठणका असा, की रात्री झोप नाही. मेडिकलमधून थेंब आणले, पाच दिवस सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं, ठणका थोडा उतरला, गोळी बंद. तीन आठवड्यांनी दुखणं दुप्पट. आता स्वॅबमध्ये काहीच वाढत नाही, कारण अर्धवट औषधाने जंतू दबलाय, मेलेला नाही. स्वॅब गोळी सुरू करण्याआधीच घ्यायचा असतो तो यासाठी.

कोर्स कधी थांबवायचा, यावर आजही एकमत नाही. दुखणं थांबणं हा निकष नव्हे, कारण वेदना हाडाच्या कितीतरी आधी बरी होते. शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, ईएसआर, हळूहळू उतरते का ते पाहतात. टेक्निशियमचा बोन स्कॅन आजार बरा झाल्यावरही कित्येक महिने दोष दाखवत राहतो, त्यामुळे थांबवण्यासाठी तो उपयोगी नाही. घरच्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात: सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही, आणि साखरेच्या काही गोळ्यांबरोबर ती साखर एकदम खाली आणू शकते.

चेहऱ्याची नस कानाच्या खालीच हाडातून बाहेर पडते, म्हणून बहुधा तिलाच सर्वांत आधी झळ लागते. चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून सांडतं, त्या बाजूचा डोळा मिटत नाही, कपाळाला आठी पडत नाही. घरचे म्हणतात, लकवा मारला. मेंदूच्या झटक्यात बहुधा कपाळ हलतं, इथे तेही हलत नाही. ही साधी ‘बेल्स पाल्सी’, म्हणजे ठोस कारणाशिवाय चेहऱ्याची नस लुळी पडणं, समजून स्टिरॉइड दिलं गेलं, तर साखर भडकते आणि संसर्गाला मोकळं रान मिळतं. म्हणून मधुमेह, कानाचा रात्रीचा ठणका आणि वाकडं तोंड एकत्र दिसलं, तर त्याच दिवशी कानात पाहिलं गेलं पाहिजे. नस दुखावली की ती पूर्ववत होईलच असं नाही, आणि न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते, त्यामुळे दिवसा थेंब आणि रात्री मलम लावून पट्टी लागते. आवाज घोगरा झाला किंवा पाणी पिताना ठसका लागू लागला, तर आजार आणखी आत, गिळण्याच्या नसांपर्यंत पोचला आहे. तेव्हा घरच्या गोळ्यांवर न थांबता भरती करून एमआरआय काढावा लागतो.