‘गुप्तकालीन’ अजिंठा : चित्रओळख कार्डांवरच्या दोन रकान्यांची पार्श्वभूमी

कलेतिहासाच्या परीक्षेसाठी केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, काढून पाहा. पुढे चित्र, मागे वैशिष्ट्ये, काळ आणि शैली. बहुतेक कार्डांवर शेवटच्या दोन रकान्यांत एकच शब्द सापडतो. काळ : गुप्त. शैली : गुप्त. काही जुन्या संचांत त्याच चित्रासमोर ‘सातवे शतक, चालुक्य’ असते, तर अलीकडच्या संचांत ‘वाकाटक, सुमारे इ. स. ४६०–४८०’. परीक्षार्थीला वाटते की कुणीतरी उतरवून घेताना चूक केली. प्रत्यक्षात ही तिन्ही उत्तरे आपापल्या वेळी छापील पुस्तकांतूनच आली आहेत.

हे रकाने आले कुठून, ते थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन विद्यापीठांत काचेच्या स्लाइड्स शेजारी-शेजारी दोन दिव्यांनी पडद्यावर टाकून शिकवण्याची पद्धत रुजली. त्याआधी कोरीव छापे आणि प्लास्टरच्या प्रतिकृतींवर भागत असे. दोन चित्रे एकाच वेळी डोळ्यांसमोर आली, की फरक आपोआप बोलू लागतो. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाने या सवयीला सिद्धांताचे रूप दिले आणि युरोपातला प्रबोधनकाळ व त्यानंतरची बरोक शैली यांच्यातला फरक पाच जोड्यांत मांडला. आकार रेषेने बांधला आहे की छायाप्रकाशाने, रचना बंद आहे की खुली, अशा त्या जोड्या. इथे शैली म्हणजे निव्वळ डोळ्यांना दिसणारी गोष्ट होती. परीक्षेतही तेच आले : पडद्यावर अनोळखी स्लाइड, हातात काही मिनिटे, आणि काळ-शैली सांगून कारणे द्यायची. काचेच्या स्लाइडच्या कोपऱ्यात अंगठ्याची जागा दाखवणारा ठिपका असे, तो चुकला की चित्र उलटे-सुलटे पडे. पुढे पुठ्ठ्यावर चिकटवलेले कृष्णधवल छाप आले, मग ३५ मिलिमीटरच्या रंगीत स्लाइड्स. कार्ड हे याच पडद्याचे घरी नेता येणारे रूप.

भारतीय कलेचा काळक्रम मात्र वेगळ्या वाटेने तयार झाला. एकोणिसाव्या शतकात लेणी आणि देवळांची पाहणी करणाऱ्यांच्या हाती आधार होता तो शिलालेखांचा, नाण्यांचा आणि राजवंशावळींचा. त्यामुळे कालखंडांना घराण्यांची नावे पडली, आणि शैलीसाठी वेगळे नाव शोधण्याची तसदी कुणी फारशी घेतली नाही. चोळ कांस्यमूर्तींच्या बाबतीत हे खपून जाते, कारण त्या बहुतांशी चोळांच्याच मुलखात घडल्या. अजिंठ्याला हा न्याय लावला की घोटाळा होतो.

पहिल्या लेण्यात दात्याचे नाव सांगणारा शिलालेख नाही. १८७९ च्या सुमारास एका अभ्यासकाने तिथल्या एका दरबारदृश्यातल्या टोकदार टोप्या आणि परदेशी पेहराव पाहून असे मांडले की, हा इराणी बादशहाचा वकील असून तो चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात आला आहे. ती भेट इ. स. ६२५ च्या आसपासची मानली जाते. म्हणजे चित्र त्यानंतरचे, आणि त्याच लेण्यातला पद्मपाणीही तेव्हाचा. एका भिंतीवरच्या टोप्यांवरून दुसऱ्या भिंतीवरच्या बोधिसत्त्वाचे वय ठरले! पुढे ते दृश्य राजकीय भेटीचे नसून बौद्ध कथेतल्या दरबाराचे आहे, हे वाचन पुढे आले आणि सातव्या शतकाचा मुख्य खांबच गेला. परदेशी पेहराव तर पाचव्या शतकातल्या व्यापारी मार्गांवरही दिसत होताच.

मग हाताशी उरले ते शेजारच्या लेण्यांचे शिलालेख. सोळाव्या लेण्याचा लेख वाकाटक राजा हरिषेण याच्या मंत्र्याचा आहे. सतराव्याचा लेख एका मांडलिकाचा असून त्यातही हरिषेणाचा उल्लेख येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका अभ्यासकाने या लेखांच्या जोडीला अर्धवट सोडलेले खांब, दारांच्या बिजागऱ्यांच्या खाचा आणि घाईघाईने उरकलेली चित्रे असे पुरावे जमवले. अजिंठ्याची लेणी दोन टप्प्यांत कोरली गेली; त्यांपैकी दुसऱ्या टप्प्यातले जवळपास सगळे काम हरिषेणाच्या कारकिर्दीच्या आगेमागे, जेमतेम वीस वर्षांत झाले, असा त्याचा निष्कर्ष. सगळ्यांना तो पटलेला नाही. काही जण काम सहाव्या शतकात ओढतात. पण ‘पाचव्या शतकाचा उत्तरार्ध’ इतके म्हणायला आता फारसा विरोध उरलेला नाही.

तरीही ‘गुप्त’ हा शब्द जात नाही, आणि त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. सारनाथच्या काही बुद्धमूर्तींवर गुप्त संवताचे लेख आहेत. ती वर्षे इ. स. ४७४ आणि ४७७ च्या सुमाराची, म्हणजे अजिंठ्याला समकालीन. खाली झुकलेली दृष्टी, धनुष्यासारख्या भुवया, स्नायू न दाखवणारे गुळगुळीत अंग ही दोन्हीकडे आहेत. डोळ्यांपुरते बोलायचे तर नाते खरे आहे. पण राज्य? अजिंठ्याचा परिसर गुप्तांच्या अंमलाखाली नव्हता. गुप्त राजकन्या वाकाटक घराण्यात दिली होती, हा दाखला हमखास दिला जातो. ते लग्न मात्र नंदिवर्धनच्या शाखेतले. हरिषेण वत्सगुल्मच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या शाखेतला. त्या सोयरिकीवरून अजिंठ्याला गुप्तकालीन ठरवणे म्हणजे चुलत घराचा आहेर आपल्या वहीत मांडणे.

म्हणून माझ्या मते कार्डावर काळ ‘वाकाटक, इ. स. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध’ असा लिहावा आणि शैलीच्या रकान्यात ‘अजिंठा भित्तिचित्र, सारनाथच्या गुप्त शैलीशी जवळीक’ असे. गुणदान करणाऱ्याकडे जुनी उत्तरसूची असली तरी ‘गुप्त’ हा शब्द तिथे योग्य जागी सापडतो. नेमके वर्ष लिहिण्याचा मोह टाळावा.

वैशिष्ट्यांचा रकाना खरे तर सर्वांत कच्चा राहतो. ‘लयबद्ध रेषा, भावपूर्ण चेहरा’ हे शब्द कुठल्याही कार्डावर चालतील. कसोटी अशी : नाव झाकून हा रकाना वाचला, तर सारनाथच्या बुद्धाचे कार्ड बाजूला पडते का? पद्मपाणीसाठी लिहायचे ते असे. त्रिभंगात उभी मोठी आकृती, उजव्या हातात निळे कमळ, उंच मुकुट. भोवती लहान आकाराच्या माणसांची, खडकांची आणि झाडांची दाटी, मोकळी पार्श्वभूमी जवळपास नाही. अंगाला गडद-फिक्या रंगांची वर्तना, नाकावर उजळ ठिपका. माध्यमाच्या ओळीत ‘फ्रेस्को’ लिहू नये. इथले रंग ओल्या चुन्यात मुरवलेले नाहीत, वाळलेल्या थरावर बंधकद्रव्यात कालवून लावलेले आहेत. ‘उजव्या हातात’ हे दोन शब्दही फुकटचे नाहीत, कारण उलटी छापलेली प्रतिमा त्यांवरूनच पकडता येते.

स्लाइड प्रोजेक्टरचे उत्पादन २००४ मध्ये एका मोठ्या कंपनीने थांबवले. नंतरच्या दशकात मोठी संग्रहालये चांगल्या प्रतीच्या प्रतिमा मोफत देऊ लागली आणि कार्डे फोनवर आली. काही परीक्षांनी याच सुमारास ठरावीक कलाकृतींची यादी जाहीर केली. यादी आल्यावर तयार संच एकमेकांच्या हाती फिरू लागले, आणि एका संचातला ‘काळ : गुप्त’ शेकडो फोनवर जसाच्या तसा पोहोचला. पद्मपाणीची प्रतिमा आता इतकी स्वच्छ असते की नाकावरचा उजळ ठिपका सहज दिसतो. मागची ओळ मात्र अजूनही कृष्णधवल छापांच्या काळातली असते.