गिऱ्हाईक आधी, मशीन नंतर

बेळगावात उद्यमबागेत माझ्या मामाचं छोटं वर्कशॉप आहे. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला एप्सिलॉन-डेल्टा शिकवायची वेळ आली की मला फळ्यापेक्षा तिथलं मिलिंग मशीन जास्त उपयोगी पडतं. आमच्याकडची बरीच पोरं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. लिमिटला मराठीत सीमा म्हणतात हे सांगितलं की सीमाभागातल्या वर्गात हशा ठरलेलाच. खरा गोंधळ मात्र त्यानंतर सुरू होतो.

‘x जसजसा 10 च्या जवळ जातो तसतसा x² हा 100 च्या जवळ जातो’ असं पुस्तकात असतं. आता जवळ म्हणजे किती जवळ? 9.99 चा वर्ग 99.8001 येतो. तो 100 च्या जवळ आहे, पण 101 च्याही काही फार लांब नाही. मग सीमा 100 च का?

समजा मामाला 10 सेंटिमीटर बाजूची चौरस प्लेट करायची आहे. तिचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर हवं. अगदी नेमकं 100 कुठलंच मशीन देत नाही. म्हणून मामा पहिल्यांदा विचारतो, ‘प्लस-मायनस किती चालतंय ते सांगा की, मग मशिनीचं मी बघतो.’ गिऱ्हाईक म्हणालं, क्षेत्रफळात 1 चा फरक चालेल. हा 1 म्हणजे एप्सिलॉन (ε). आता बाजू कापताना किती चूक झाली तर चालेल, ते मामाने शोधायचं. ती चूक म्हणजे डेल्टा (δ).

x² − 100 म्हणजे (x − 10)(x + 10). बाजू 10 च्या आसपास, म्हणून x + 10 साधारण 20. वर्गातली निम्मी पोरं इथेच 1 ला 20 ने भागून 0.05 लिहितात आणि वही मिटतात. करून बघा. 9.95 चा वर्ग 99.0025, म्हणजे पास. 10.05 चा वर्ग मात्र 101.0025, म्हणजे जॉब रिजेक्ट! बाजू 10 च्या वर गेली की x + 10 सुद्धा 20 च्या वर जातो, आणि तेवढ्यानेच घात होतो.

म्हणून आधी एक कुंपण घालायचं: बाजू 9 ते 11 च्या बाहेर जाऊ द्यायची नाही. मग x + 10 कधीच 21 च्या वर जात नाही, आणि बाजूतली चूक 1/21 पेक्षा, म्हणजे साधारण 0.0476 पेक्षा, कमी ठेवली की काम झालं. 0.04 घेऊन तपासा: 10.04 चा वर्ग 100.8016, 9.96 चा 99.2016. दोन्ही पास.

गिऱ्हाईक उद्या 0.1 म्हणालं तर? 0.1/21. परवा आणखी कमी म्हणालं तर ε/21. (ε फारच मोठा दिला तर कुंपण मोडू नये म्हणून 1 आणि ε/21 यातलं लहान ते घ्यायचं.) गिऱ्हाईक कितीही हट्टी असो, मामाकडे उत्तर तयार आहे. सीमा 100 आहे म्हणजे एवढंच:

0 < |x − 10| < δ असेल तर |x² − 100| < ε

आणि 101 का नाही? ‘101 पासून फरक अर्ध्यापेक्षा कमी ठेवा’ अशी अट घातली की मामा हरतो. बाजू 10 च्या अगदी जवळ आणली की क्षेत्रफळ 100 च्या शेजारी जाऊन बसतं, 100.5 च्या वर येतच नाही.

वरच्या ओळीतलं ‘0 <’ पोरं सर्रास गाळतात. त्याचा अर्थ असा की x = 10 ला नेमकं काय होतं हे सीमा विचारतच नाही. (x² − 100)/(x − 10) ला 10 पाशी किंमतच नाही, तरी सीमा आहे: 20. त्या बिंदूवर किंमत असेल आणि ती सीमेइतकीच असेल, तरच फलन तिथे संतत.

खानापूरच्या एसटीत समजा एका स्टेजपर्यंत तिकीट 10 रुपये आणि स्टेज ओलांडली की 15. स्टेजपाशी सीमा काय? ε = 2 द्या. सीमा जी कुठली म्हणाल ती 10 पासूनही 2 च्या आत हवी आणि 15 पासूनही. म्हणजे 12 च्या खाली आणि 13 च्या वर, एकाच वेळी. असा आकडा नाही. स्टेजच्या अलीकडे-पलीकडे एकेक वीत जागा घेतली तरी दोन्ही तिकिटं तिथे हजर असतात, त्यामुळे कुठलाच δ उपयोगाचा नाही.

x² ला असली अडचण कुठेच येत नाही, पण δ मात्र सगळीकडे सारखा राहत नाही. प्लेटची बाजू 100 सेंटिमीटर असेल आणि गिऱ्हाईक तोच 1 चौरस सेंटिमीटर धरून बसलं, तर कुंपण 99 ते 101, भागायचं 201 ने. आधी साधारण अर्धा मिलिमीटर सूट होती, आता त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. मामाला हे सांगितलं तर तो वहीकडे न बघताच म्हणाला, ‘त्याचा रेट वेगळा लागतोय.’