जे-१ व्हिसावरचे दोन वर्षांचे बंधन: आपल्याला लागू आहे का, आणि असेल तर सुटते कसे

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्याच वाक्यात विचारतात, "वेव्हर मिळेल का?" त्यावर आमचा पहिला प्रश्न असतो: हे बंधन तुमच्यावर नेमके कोणत्या कारणाने आले आहे? पुढचे सगळे त्या उत्तरावर ठरते. ते न बघता अर्ज केल्यामुळे वर्षभर फुकट गेलेले लोक आम्ही पाहिले आहेत. म्हणून हे पत्रक.

आधी बंधन म्हणजे काय ते. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याच्या कलम २१२(ई) प्रमाणे, जे-१ म्हणजे आदानप्रदान व्हिसावर गेलेल्या काही लोकांना कार्यक्रम संपल्यावर मायदेशात एकूण दोन वर्षे राहावे लागते. तोपर्यंत त्यांना एच-१बी किंवा एल-१ व्हिसा मिळत नाही, ग्रीन कार्ड मिळत नाही आणि अमेरिकेत बसून दुसऱ्या व्हिसावर जाणेही जवळजवळ बंद असते. अमेरिकेला पुन्हा जाताच येत नाही, असे मात्र नाही. भारतातल्या दूतावासातून पर्यटक, विद्यार्थी किंवा ओ-१ व्हिसा घेऊन जाता येते. पण त्याने बंधन फिटत नाही, ते तसेच उभे राहते.

एफ-१ व्हिसावर शिकायला गेलेल्यांना हे कलम लागू नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेशी तुम्ही बाँड केला असेल तर ती तुमची आणि त्या संस्थेची गोष्ट आहे, तिचा या कलमाशी संबंध नाही. संशोधक म्हणून जे-१ संपवल्यावर त्याच प्रकारात परत येण्यावर असलेली २४ महिन्यांची मनाईसुद्धा वेगळी. दोन्हींत दोन वर्षांचा आकडा असल्याने लोक त्यांची गल्लत करतात, आणि जी मनाई आपोआप संपणार असते तिच्यासाठी वेव्हर मागत बसतात.

बंधन येते कशाने

कारणे तीन आहेत. सरकारी पैसा, कौशल्य यादी आणि वैद्यकीय प्रशिक्षण.

भारतीयांसाठी सर्वात मोठा बदल यादीच्या बाबतीत झाला. ज्या विषयांतली माणसे मायदेशाला हवी आहेत, त्या विषयांची देशवार यादी अमेरिकेचे परराष्ट्र खाते ठेवते. २००९ च्या यादीत भारताचे बरेच विषय होते, त्यामुळे जीवशास्त्र, अभियांत्रिकी, संगणक अशा क्षेत्रांत पोस्टडॉक करणारे आपले कितीतरी लोक अडकले. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या यादीत भारत नाही. आणि हा बदल मागच्या लोकांनाही लागू आहे: बंधन फक्त यादीमुळे आले असेल, तर तुम्ही २०१५ मध्ये गेलेले असा की २०२२ मध्ये, ते आता उरलेले नाही. वेव्हर मागण्याची गरजच नाही.

म्हणूनच व्हिसावर "दोन वर्षांचा नियम लागू" असे छापलेले दिसले तरी लगेच घाबरू नका. तो शेरा व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याचे प्राथमिक मत असते, अंतिम निर्णय नव्हे. उलटही खरे आहे: "लागू नाही" असे छापले असले तरी सरकारी पैसा निघाला तर बंधन असू शकते.

खरे उत्तर डीएस-२०१९ या फॉर्ममध्ये सापडते. त्यातला पाचवा रकाना पैशाचा आहे. कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेचे पैसे किती, अमेरिकी सरकारी खात्याचे किती, आंतरराष्ट्रीय संस्थेचे किती, तुमच्या देशाच्या सरकारचे किती, द्विराष्ट्रीय आयोगाचे किती, तुमचे स्वतःचे किती, असे तिथे वेगवेगळे लिहिलेले असते. अमेरिकी सरकार, आपले सरकार किंवा द्विराष्ट्रीय आयोग यांच्यापुढे आकडा असेल तर जपून. कायद्यात "पूर्णपणे किंवा अंशतः, थेट किंवा अप्रत्यक्ष" असे शब्द आहेत, त्यामुळे नुसते विमानभाडे सरकारने दिले असले तरी पुरते. विद्यापीठाला मिळालेल्या संशोधन अनुदानातून पगार निघत असेल तर मात्र तेवढ्याने सहसा बंधन येत नाही, कारण ते अनुदान संशोधनासाठी असते, आदानप्रदानासाठी नव्हे.

फॉर्म एकापेक्षा जास्त असतील तर सगळे काढा. एखाद्या जुन्या फेरीत बंधन आले असेल तर नंतरच्या निर्धोक फेरीने ते पुसले जात नाही. शंका राहिलीच, तर परराष्ट्र खात्याच्या वेव्हर विभागाकडून लेखी अभिप्राय मागवता येतो. त्याला फी नाही. आम्ही आधी तोच मागवायला सांगतो.

फुलब्राइट आणि "हरकत नाही" पत्र

फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचा खर्च भारत आणि अमेरिका ही दोन्ही सरकारे उचलतात. तेव्हा त्या शिष्यवृत्तीवर जे-१ ने गेलेल्यांवर बंधन येतेच. यादीतून भारत वगळला गेल्याचा त्यांना काही उपयोग नाही.

वेव्हरचा सर्वात ओळखीचा मार्ग म्हणजे भारत सरकारची हरकत नसल्याचे पत्र. त्यासाठी आपल्याकडे नोरी प्रमाणपत्र लागते, म्हणजे तुमच्यावर भारतात परतण्याचे बंधन नाही असा दाखला. तो केंद्र सरकार, राज्य सरकार आणि पासपोर्ट कार्यालय अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवावा लागतो. मग भारतीय दूतावास ते पत्र थेट अमेरिकेच्या वेव्हर विभागाला पाठवतो. अर्जदाराने स्वतः पाठवून चालत नाही. अमेरिकेच्या बाजूने डीएस-३०३५ हा ऑनलाइन फॉर्म भरून १२० डॉलर फी द्यावी लागते. ती परत मिळत नाही.

फुलब्राइटवाल्यांना आम्ही या वाटेने सहसा पाठवत नाही. दाखले मिळतात, पत्रही मिळते, पण जिथे अमेरिकी सरकारने स्वतःचा पैसा घातला आहे तिथे वेव्हर विभाग बहुतेक वेळा प्रतिकूल शिफारस करतो. शिकलेले ज्ञान परत मायदेशी जावे म्हणून तर तो पैसा दिलेला असतो.

अमेरिकी नागरिकाशी लग्न केल्यानेही बंधन आपोआप जात नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पती, पत्नी वा मुलाला अपवादात्मक हाल सोसावे लागतील असे सिद्ध करता आले, तर आय-६१२ फॉर्मने वेगळी मागणी करता येते. मात्र दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात: कुटुंब तुमच्याबरोबर भारतात आले तर काय होईल, आणि ते तिकडेच राहिले व दोन वर्षे ताटातूट झाली तर काय. एकच बाजू मांडलेला अर्ज अडतो. विरहाचे दुःख आणि खर्चाची ओढाताण सगळ्यांच्याच वाट्याला येते, म्हणून तेवढ्याने भागत नाही. मुलाचा गंभीर आजार आणि इथे न मिळणारे उपचार, अशा तोडीचे काही कागदोपत्री असावे लागते.

राहून फेडायचे असेल तर

अनेकांसाठी हाच सरळ मार्ग आहे, आणि तो लोकांना वाटतो त्यापेक्षा लवचिक आहे. दोन वर्षे सलग राहावे लागत नाही, दिवसांची बेरीज होते. फक्त प्रत्यक्ष भारतात असलेले दिवस मोजतात.

एक हिशेब करून दाखवतो. समजा एक संशोधक १० जून २०२२ ला पुण्याला परतली. १ ऑक्टोबर २०२३ ला तिला जर्मनीत सहा महिन्यांची फेलोशिप मिळाली आणि १ एप्रिल २०२४ ला ती परत आली. जूनच्या १० तारखेपासून पुढच्या वर्षीच्या ९ जूनपर्यंत ३६५ दिवस आणि तिथून ३० सप्टेंबरपर्यंत ११३, म्हणजे एकूण ४७८. जर्मनीतले दिवस शून्य. ७३० व्हायला २५२ उरतात. ते १ एप्रिलपासून मोजले की ८ डिसेंबर २०२४ ला संपतात. मध्ये ती १४ दिवस परिषदेसाठी अमेरिकेला गेली असती, तर ते १४ दिवस पुढे जाऊन तारीख २२ डिसेंबर झाली असती. प्रवासाचे दिवस धरायचे की नाही यावर वाद नको, म्हणून आम्ही वर दहा-पंधरा दिवस जास्त ठेवायला सांगतो.

पुरावा परतल्या दिवसापासून जपा. पासपोर्टवरचे ये-जा शिक्के, पगारपत्रके, भाडेकरार, आयकर विवरणपत्रे. नवा पासपोर्ट काढला तर जुना टाकून देऊ नका. शिक्के पुसट असतील तर बोर्डिंग पासही कामाला येतो.

डॉक्टरांसाठी

अमेरिकेत जे-१ वर रेसिडेन्सी किंवा फेलोशिप करणाऱ्या डॉक्टरांना यादी बदलल्याने काही फरक पडलेला नाही, आणि हरकत नसल्याच्या पत्राचा मार्ग त्यांना कायद्यानेच बंद आहे. त्यांची मुख्य वाट कॉनरॅड योजनेची. प्रत्येक राज्य वर्षाला ३० डॉक्टरांची शिफारस करू शकते. डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात, एच-१बी वर, आठवड्याला ४० तास, अशी तीन वर्षे काम करायचे आणि वेव्हर मिळाल्यापासून ९० दिवसांत रुजू व्हायचे. तीसपैकी दहा जागा टंचाईच्या भागाबाहेरच्या पण तिथल्या रुग्णांना सेवा देणाऱ्या दवाखान्यांसाठी वापरता येतात. काही राज्यांच्या जागा लवकर भरतात, म्हणून नोकरीचा शोध रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षाआधीच सुरू करा.

दोन गोष्टी ज्या उशिरा कळतात

वेव्हर विभागाने एकदा अनुकूल शिफारस केली की तुमचा जे-१ कार्यक्रम पुढे वाढवता येत नाही. प्रयोगशाळेत अजून वर्षभर काम शिल्लक असेल तर आधी डीएस-२०१९ ची मुदत वाढवून घ्या आणि मगच अर्ज करा. घाईने अर्ज केलेल्या एका संशोधकाला मुदत संपताच काम अर्धवट टाकून परतावे लागले होते.

दुसरी, जे-२ वर गेलेल्या पती किंवा पत्नीवरही हेच बंधन येते. मुख्य व्यक्तीला वेव्हर मिळाला की त्यांनाही मिळतो, पण त्यांना सहसा स्वतंत्रपणे मागता येत नाही. घटस्फोट किंवा मृत्यू झाला असेल तर वेव्हर विभाग त्यांचा वेगळा विचार करतो.

आमच्याकडे येताना आजवरचे सगळे डीएस-२०१९, व्हिसाच्या पानांच्या प्रती, शिष्यवृत्तीचे पत्र आणि जुने-नवे पासपोर्ट घेऊन या. कोणी कशाचा खर्च दिला हे आठवत नसेल, तर येण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल करून ते लेखी मागवा.